ताईंकडे कोण जाणार

माझा नवरा पोटापाण्यासाठी लोकांना ई-मेल लिहायला शिकवतो, आणि स्वतःच्या सख्ख्या बहिणीला सरळ चार ओळी लिहिणं त्याला जमत नव्हतं. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. तक्रारीची वेळ केव्हाच टळून गेली होती. मी ठरवलं होतं की हा माणूस या आठवड्यात लिहील, आणि तो लिहीपर्यंत मी त्याच्या मागचा ससेमिरा सोडणार नाही.

आमचं भाषांतराचं ऑफिस आहे. खरं तर फर्म एक आणि ऑफिसं दोन, आणि तिथेच घोडं पेंड खातं. सासऱ्यांनी सुरू केलेल्या या फर्मचे आता दोन भागीदार आहेत. माझी मोठी नणंद, जिला घरीदारी सगळे ताई म्हणतात, आणि माझा नवरा. ताई नदीपलीकडे, जुन्या ऑफिसात, तिसऱ्या मजल्यावर. आम्ही अलीकडे, लिफ्ट आणि काचेचा दरवाजा असलेल्या नव्या इमारतीत. आम्ही जन्माचे दाखले, दवाखान्याचे रिपोर्ट, कोर्टाचे निकाल अशा कागदांची प्रमाणित भाषांतरं करतो. भाषांतर मूळ कागदाच्या प्रतीला दोऱ्याने शिवायचं, शिक्का दोन्ही कागदांवर पडेल असा शिवणीवर मारायचा, एकाने भाषांतरकार म्हणून सही करायची आणि दुसऱ्याने तपासनीस म्हणून. नवऱ्याची सही इथे, ताईंची सही आणि शिक्का तिथे. त्यामुळे आमचे कागद रोज कुरियरवाल्याच्या पाठीवर बसून पूल ओलांडतात.

भावाबहिणीचा बाकी सगळा व्यवहार ई-मेलवर. "पाठवत आहे." "मिळाले." "दुरुस्ती करून पाठवत आहे." "मिळाले." दोन वर्षं हेच चाललं होतं. हे मेल टाइप करायचे मीच, म्हणून एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. "पाठवतो" आणि "मिळालं" या दोन शब्दांवर जन्म काढला तर कुणालाच खुर्चीवरून उठावं लागत नाही. "येतो" म्हटलं की पायात चपला घालाव्या लागतात.

मग तो मेल आला. आमचं निम्म्याहून जास्त काम परदेशातल्या एका एजन्सीकडून येतं. तिथल्या कोऑर्डिनेटर बाईंना आमच्या ऑफिसात घड्याळबाई म्हणतात, कारण त्यांचा मेल येतो म्हणाल्या त्या वेळेला येतो. त्यांनी इंग्रजीत लिहिलं होतं, ते थोडक्यात असं: मी गुरुवारी तुमच्या शहरात येते आहे. नव्या कराराच्या प्रती मी घेऊन येईन. फर्मच्या नोंदणीचं मूळ प्रमाणपत्र मला डोळ्यांनी पाहायचं आहे, आणि दोन्ही भागीदारांनी माझ्यासमोर सह्या करायच्या आहेत. मी कुठे येऊ?

कुठल्या तरी दुसऱ्या फर्ममध्ये एका भागीदाराने दोघांच्या सह्या ठोकल्या होत्या म्हणे, तेव्हापासून एजन्सीचा हा नियम. म्हणजे कुरियरवाला इथे कामाचा नव्हता. नोंदणीचं प्रमाणपत्र ताईंकडे. जुना करार आणि घड्याळबाईंशी रोजचं बोलणं आमच्याकडे. दोघांना एका खोलीत येणं भाग होतं.

नवऱ्याने मला मजकूर सांगितला आणि मी टाइप केला, ही माझी चूक. "आमच्या नव्या ऑफिसात यावं. माझी बहीण प्रमाणपत्र घेऊन इथे येईल." प्रत ताईंना. ताईंना आधी विचारलं का, तर नाही.

ताईंनी सगळ्यांना मिळून उत्तर दिलं. "जुन्या ऑफिसात यावं. प्रमाणपत्र इथेच आहे आणि ते इथून हलणार नाही. माझे बंधू करार घेऊन इथे येतील." यांनी तरी भावाला विचारलं होतं का, तर यांनीही नाही. एकाच माळेचे मणी.

घड्याळबाईंचं उत्तर लगेच आलं. त्यांनी दोघांचे आभार मानले होते. पुढे लिहिलं होतं, "तुमचे मेल वाचून असं दिसतं की गुरुवारी तुम्ही दोघंही एकमेकांकडे जाणार आहात. मग मी येईन तेव्हा दोन्ही ऑफिसं रिकामी असतील. बुधवारी दुपारपर्यंत मला दोघांच्या संमतीने एक पत्ता कळवा. तो न मिळाल्यास मी येणार नाही, आणि कराराचा विचार आम्हाला दुसरीकडे करावा लागेल."

मला हसू आलं, आणि मग मी हिशेब केला. ते काम गेलं असतं तर आधी ताईंचं ऑफिस बंद पडलं असतं आणि मागोमाग आमचं. लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांनी मला कागद शिवायला शिकवलं होतं, मग तपासायला, मग गिऱ्हाइकांशी बोलायला. या फर्ममध्ये मी सून म्हणून कमी आणि माणूस म्हणून जास्त वाढले. दोन शहाण्यांच्या मानापमानात ती बुडालेली मला बघायची नव्हती.

नवरा म्हणाला, "लिही. पत्ता नवाच राहील, ताईला यावं लागेल."

"मी नाही लिहिणार," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे आजपासून ताईंना जायचा एकही मेल मी टाइप करणार नाही. तुला हात आहेत."

 तो घड्याळाकडे बघून म्हणाला, "माझा वर्ग आहे," आणि पाय काढता घेतला.

तो वर्ग आमच्याच ऑफिसातल्या मोठ्या खोलीत असतो. त्या दिवशी एका जहाज कंपनीच्या बुकिंग खात्यातली माणसं आली होती, आणि योगायोग बघा, विषय होता भेटीचे आणि कागदपत्रांचे मेल. मी हजेरीचा कागद फिरवायला आत गेले आणि मुद्दाम मागच्या खुर्चीत बसून राहिले.

शिकवतो मात्र तो झकास. फळ्यावर त्याने एका विद्यार्थ्याचं वाक्य लिहिलं. त्या माणसाने गिऱ्हाइकाला कळवलं होतं की उद्या मी तुमच्या ऑफिसला 'गो' करीन आणि कागद 'टेक' करीन.

"यात चुकलं काय?" नवऱ्याने विचारलं.

"जाणे म्हणजे गो, नेणे म्हणजे टेक," तो माणूस म्हणाला. "मी माझ्या ऑफिसातून जाणारच ना, सर?"

"बायकोला तुम्ही तसंच सांगाल. त्यांच्या ऑफिसला जातोय, कागद नेतोय. बरोबर. पण त्याच गिऱ्हाइकाला फोन केलात तर काय म्हणाल? उद्या तुमच्याकडे जातो?"

"नाही. उद्या तुमच्याकडे येतो. कागद घेऊन येतो."

"मग इंग्रजीतही तेच. 'कम' आणि 'ब्रिंग'. आपल्याला हे जन्मापासून येतं, फक्त की-बोर्डसमोर बसलं की आपण विसरतो." त्याने फळ्यावर दोन खुर्च्या काढल्या. "मेल लिहिताना वाचणाऱ्याच्या खुर्चीत जाऊन बसायचं. तुम्ही त्याच्या दारात पोचताना त्याला कसे दिसाल, तसं लिहायचं. कागद तिसऱ्याच ठिकाणी, समजा कस्टममध्ये, जाणार असतील, जिथे तुम्हीही नाही आणि वाचणाराही नाही, तर मात्र 'टेक'. आणि एकच मेल चार ठिकाणच्या चार माणसांना जात असेल तर 'इथे' हा शब्दच लिहू नका. प्रत्येकाचं 'इथे' वेगळं असतं. जागेचं नाव लिहा."

पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी हात वर केला. "सर, दोघंही एकमेकांना 'तुम्ही या, तुम्ही घेऊन या' असंच लिहीत बसले तर?"

"व्याकरण बिनचूक आहे," नवरा म्हणाला. "कुणीच येणार नाही, एवढंच."

वर्ग हसला. त्याची नजर मागे माझ्याकडे गेली. मी हसले नाही. त्याने फळा पुसायला घेतला आणि गरजेपेक्षा बराच वेळ पुसत बसला.

त्याच दिवशी मी पूल ओलांडून ताईंकडे गेले. तिसरा मजला चढून जाईपर्यंत माझ्या रागालाही थोडी धाप लागली होती. ताई एका दाखल्याची शिवण दाताने दोरा तोडून पूर्ण करत होत्या. सासरे याच्यावरून त्यांना नेहमी रागवायचे.

"ये," त्या म्हणाल्या. "त्याने पाठवलं?"

"नाही. माझी मी आले."

"मग बस. चहा घेशील?"

खोलीत त्यांचं टेबल, शिक्क्याचं यंत्र आणि दोन खुर्च्या. बाकी भिंतीला लागून रिकामी फडताळं. फडताळांवर अजून शब्दकोशांच्या पाठीचे फिकट चौकोन दिसत होते. सासऱ्यांनी आयुष्यभर जमवलेले शब्दकोश, वैद्यकाचे, कायद्याचे, जहाजांचे, चार भाषांतले. मी तिकडे बघतेय हे ताईंनी बघितलं.

"ताई, तुम्ही काय ठरवलंय ते मला सरळ सांगा," मी म्हणाले. "आडून नको. गुरुवार डोक्यावर आलाय."

"मी तर सरळच आहे." त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे ठेवला. "तुला तो मेल आठवतो? ऑफिस हलवलं तेव्हाचा?"

आठवत होता. ताईंच्या मुलीचं बाळंतपण अडलं होतं आणि ताई दुसऱ्या शहरात, दवाखान्यात तिच्या उशाशी होत्या. नव्या जागेचं बोलणं आधीपासून चालू होतं. ताईंचं मन तयार नव्हतं. त्या नाहीत असं बघून नवऱ्याने टेम्पो बोलावला, टेबलं नेली, शब्दकोश नेले, आणि संध्याकाळी सगळ्या स्टाफला एक मेल टाकला. मी तेव्हा माझ्या आईकडे होते. मला आल्यावर कळलं आणि मीही चार शब्द सुनावून गप्प बसले, कारण नवी जागा मलाही आवडली होती.

ताईंनी ड्रॉवर उघडला नाही, की काही काढून दाखवलं नाही. त्यांना तो मेल तोंडपाठ होता. "'टेबलं आणि शब्दकोश आज इकडे आणले आहेत. सर्वांनी यापुढे इकडेच यावं.' स्टाफला पाठवलेल्या मेलमध्ये मीही एक. दवाखान्याच्या बाकावर बसून वाचला. पोरगी आत ओरडत होती."



"आणले," ताई म्हणाल्या. "त्याच्या खोलीत उभं राहून बघितलं तर आणलेच की. खोटं काय आहे त्यात? पण मी परत आले आणि कुलूप उघडून या दारात उभी राहिले. इथून बघ. इथून बघितलं तर काय दिसतं? बाबांचे शब्दकोश कुणीतरी नेले. दोन वर्षं झाली, तो अजून सगळ्यांना सांगतो, मी आणले. एकदाही त्याच्या तोंडून 'नेले' निघालेलं नाही."

"शब्दकोश परत हवेत तुम्हाला?"

"शब्दकोश काय करायचेत? अर्धे आता कॉम्प्युटरवर मिळतात. त्याने लिहावं की मी नेले. मेलवर लिहावं, कारण केलं तेही मेलवरच. मग मी प्रमाणपत्र काय, शिक्क्याचं यंत्रसुद्धा डोक्यावर घेऊन तुमच्या त्या काचेच्या दरवाजातून आत येते. नाही लिहिलं तर करार गेला तरी चालेल. मी घरी बसेन, नातवाला खेळवीन."

"आणि मी?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता आणि मी तो चढू दिला. "मी कुणाला खेळवू? तुमच्या दोघांच्या रुसव्याफुगव्यात माझं काम जातंय, ते कुणाच्या मेलमध्ये लिहायचं?"

ताईंनी शिवलेला दाखला बाजूला सारला. मग म्हणाल्या, "तुझं खरं आहे. पण मी हे सोडणार नाही. सोडलं तर मला स्वतःचीच लाज वाटेल."

मला त्यांचा राग आला आणि त्यांचं म्हणणं शंभर टक्के पटलं, दोन्ही एकदमच. चहा संपवून मी उठले. पूल चालतच ओलांडला. अर्ध्या वाटेवर माझं ठरलं. ताई हलणार नाहीत हे पक्कं कळलं होतं, आणि त्यांनी हलू नये असं मलाही वाटू लागलं होतं. तेव्हा हलवायचं ते एकच माणूस उरलं होतं.

बुधवारी सकाळी मी ऑफिसात गेल्या गेल्या नवऱ्याचा कॉम्प्युटर चालू केला, कोरा मेल उघडला, वर ताईंचा पत्ता घातला आणि खुर्ची मागे ओढून उभी राहिले.

"बस," मी म्हणाले.

"काय लिहायचंय ते मला कळतं," तो म्हणाला. पण बसला.

त्याने लिहिलं, "ताई, परिस्थिती लक्षात घेता, या वेळेपुरतं, तुझ्या ऑफिसात भेट ठेवायला माझी हरकत नाही." मी वाचलं.

"हे कोण बोलतंय? नगरपालिका?"

त्याने ते खोडलं. दुसऱ्यांदा लिहिलं, "ताई, मी उद्या तिकडे जायला तयार आहे."

"तिकडे जायला," मी म्हणाले. "जहाजवाल्याला काल काय शिकवलंस?"

"ते इंग्रजीचं होतं."

"बरं. मग मराठीत बहिणीला 'तिकडे जातो' म्हणतात?"

तो चिडला. खुर्ची फिरवून म्हणाला, "तुला माहीत आहे ती काय मागते? मी चोर आहे असं मी लिहून द्यावं असं तिला वाटतं. मी चोरी केलेली नाही. ऑफिस आमच्या दोघांचं होतं. त्या जिन्यापायी बाबांच्या गुडघ्यांनी काय भोगलं ते मी पाहिलंय. गिऱ्हाइकं जिना बघून परत जायची. नवी जागा मिळत होती, त्या दिवशी टेम्पो मिळत होता, मी आणलं सामान. चुकलं काय माझं?"

"जागा बदललीस त्यात काहीच चुकलं नाही. मीच तुला म्हणत होते जागा बदल म्हणून."

"मग?"

"मग तू ताईंच्या दारात एकदा उभा राहा. सगळ्या जगाला सांगत फिरतोस, वाचणाऱ्याच्या खुर्चीत बसा. पैसे घेऊन सांगतोस. त्या दिवशी तुझा मेल कोण वाचत होतं? दवाखान्यातल्या बाकावर बसून, पोरगी आत अडलेली असताना, आपल्या वडलांचे शब्दकोश 'इकडे' गेले म्हणून कुणाला कळलं? तेही स्टाफबरोबर?"

"मला ते..." तो थांबला. "बाळंतपण त्याच दिवशी होतं?"

"त्याच दिवशी. तू मेल टाकलास आणि बाळ झालं. ताईंनी नातवाचं तोंड बघायच्या आधी तुझा मेल बघितला."

हे त्याला खरंच माहीत नव्हतं. माझी खात्री आहे, कारण खोटं बोलताना तो चष्मा पुसतो, आणि आता त्याचे दोन्ही हात टेबलावर तसेच पडून राहिले. बाळंतपणाला गेली आहे एवढंच तो धरून बसला होता. कोणत्या दिवशी, कोणत्या घडीला, हे त्याने कधी विचारलंच नव्हतं. विचारायला बोलणं कुठे होतं? मला त्याची कीव आली, पण मी जागची हलले नाही. कीव करून मागे फिरले असते तर दुपार टळून गेली असती.

"तू बाहेर जा," तो म्हणाला.

"नाही जात."

"अगं, बाहेर जा. तू मागे उभी असलीस तर मी तुला लिहितो. मला तिला लिहायचंय."

हे मला पटलं. मी बाहेर गेले आणि काचेच्या दरवाजाजवळच्या बाकावर बसले. आत टाइप केल्याचा आवाज येई, मग थांबे, मग पुन्हा येई. कुरियरवाला रोजच्यासारखा आला. त्याला म्हटलं, "आज थांब, आज काय जाईल ते अजून ठरायचंय." तोही माझ्या शेजारी बसला.

मेल मला प्रत म्हणून आला. फोनवर वाचला. इतका साधा मेल या माणसाने आजवर कुणालाच लिहिला नव्हता.

"ताई, बाबांचे शब्दकोश, स्टाफची टेबलं, सगळं तुझ्या ऑफिसातून मी नेलं. तुला न विचारता नेलं. तू दवाखान्यात होतीस तेव्हा नेलं, आणि स्टाफच्या मेलमध्ये तुला कळवलं. त्या दिवशी बाळ झालं हे मला आज कळलं. मी दोन वर्षं 'आणलं' असं सांगत आलो, ते तुझ्या दारातून खरं नव्हतं. उद्या करार घेऊन मी तुझ्याकडे येतो. शब्दकोशही घेऊन येतो. बाईंना जुन्या ऑफिसचा पत्ता कळवायचा का, ते तू सांग. तू हो म्हणेपर्यंत मी कळवणार नाही."

आणि प्रत सगळ्या स्टाफला होती. हे ताईंनी मागितलेलं नव्हतं. ते त्याने आपणहून केलं होतं, आणि त्या क्षणी मला त्याच्याबद्दल जे वाटलं ते लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर क्वचितच वाटलं असेल.

दुपार जवळ येत चालली. ताईंचं उत्तर येईना. नवरा बाहेर येऊन माझ्याजवळ उभा राहिला, आत गेला, पुन्हा आला. "फोन करू का?" त्याने विचारलं. मी म्हणाले, "आता नको. तू तुझं केलंस. आता त्यांना त्यांच्या खुर्चीत बसू दे." ठरलेल्या वेळेच्या अगदी काठावर ताईंचा मेल घड्याळबाईंना निघाला, प्रत आम्हा सगळ्यांना. इंग्रजीत एकच ओळ. जुन्या ऑफिसचा पत्ता, आणि खाली, "आम्ही दोघं तुमची वाट पाहू." आम्हाला वेगळं काही नाही.

गुरुवारी आम्ही टेम्पो बोलावला. शब्दकोश खोक्यांत भरले. नवऱ्याने एकही खोकं हमालाला उचलू दिलं नाही. तिसऱ्या मजल्यापर्यंत एकेक करून त्याने स्वतः वर नेलं, दर मजल्यावर टेकत, घामाघूम होत. मी खाली टेम्पोजवळ थांबले आणि शेवटच्या खोक्याबरोबर वर आले. तोवर घड्याळबाई आपल्या वेळेला पोचल्या होत्या आणि चहाचा कप हातात घेऊन खोक्यांच्या मधोमध एका खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी काही विचारलं नाही. शहाण्या आहेत.

सह्या झाल्या. बाईंनी प्रमाणपत्र उजेडात धरून बघितलं, आपल्या प्रती पिशवीत घातल्या, आम्हा तिघांचे हात हातात घेतले आणि टॅक्सीत बसून गेल्या. काम राहिलं, फर्म राहिली. मी भिंतीला टेकून उभी राहिले.

खोलीत भाऊबहीण आणि खोकी. भाऊ फडताळाजवळ गेला आणि शब्दकोश लावायला लागला, फिकट चौकोन बघून बघून, ज्याचा त्याला. ताई बघत बसल्या. वैद्यकाचे झाले. कायद्याच्या पहिल्या खंडाला हात लागला तेव्हा ताई म्हणाल्या, "थांब."

तो थांबला.

ताई उठल्या. वैद्यकाचा एक जाडा खंड फडताळावरून काढून त्यांनी आपल्या टेबलावर ठेवला. त्याच्या कडांवर सासऱ्यांचं बारीक अक्षर होतं. "हा माझ्याकडे राहील," त्या म्हणाल्या. बाकीचे त्यांनी एकेक करून काढले आणि परत खोक्यात भरले. भाऊ हात लावायला पुढे झाला तर त्याला बाजूला सारलं. खोकं भरलं, तशी त्यांनी ते पायाने त्याच्याकडे सरकवलं.

"इथे तपासायचं काम, तिथे लिहायचं. शब्दकोश लिहिणाऱ्याजवळ हवेत, बाबाही हेच म्हणाले असते. मला विचारलं असतंस तर तेव्हाच सांगितलं असतं." त्यांनी खोक्याकडे बोट केलं. "घेऊन जा. आता मी सांगतेय, म्हणून घेऊन जा."

तो खोकं उचलायला वाकला आणि बराच वेळ तसाच वाकून राहिला.